दोन मिनिटांच्या चर्चेसाठी बाईंचे आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

केंब्रिजच्या ‘बी टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हाती आला आणि तोंडी परीक्षेचे गुण पाहताच सर्वप्रथम आपली आठवण झाली. १४ मिनिटांच्या त्या परीक्षेतील तिसऱ्या भागाची मला किती धास्ती होती, हे आपण जाणताच.

एक प्रश्न आणि त्याभोवती पाच पर्याय असलेला कागद समोर येतो, तो पाहायला १५ सेकंद मिळतात, मग जोडीतल्या दोघा परीक्षार्थींनी २ मिनिटे आपसांत बोलायचे असते आणि त्यानंतरच परीक्षक निर्णय घ्यायला सांगतात, त्यासाठी आणखी १ मिनिट असते. सरावाच्या पहिल्या दिवशी वाचनालयात तरुण वाचक कसे आणावेत, हा विषय होता. मी अर्ध्या मिनिटात कॉफीच्या दुकानाच्या बाजूने निकाल देऊन टाकला, जोडीदार ‘यस, आय अ‍ॅग्री’ म्हणाला आणि उरलेला वेळ आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. निर्णय विचारला जाईपर्यंत पर्याय फक्त तोलायचे असतात, हे आपण टेबलावर घड्याळ ठेवून आमच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलेत.

पुढे मी ‘नो, आय डिसअ‍ॅग्री’ म्हणू लागले, तेव्हाही आपण थांबवलेत. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, पण समोरच्याला पुढे बोलायला जागाच उरत नव्हती. त्याच्या म्हणण्यातले पटलेले आधी सांगायचे आणि मग अडचण प्रश्नाच्या रूपात मांडायची, ही आपली रीत मला फार मोलाची वाटते: कॉफीमुळे मुले येतील हे खरे, पण ती पुस्तकांपर्यंत पोहोचतील का? अशा प्रश्नात मतभेदही येतो आणि बोलण्याची पाळीही सहज समोरच्याकडे जाते. दर वाक्यानंतर ‘व्हॉट डू यू थिंक?’ म्हटले, तर ते पाठ केल्यासारखे वाटते.

परीक्षेत माझी जोडीदार अनोळखी आणि अतिशय अबोल होती. विषय लहान शहरात पर्यटक आणण्याचा होता. पूर्वीची मी असते, तर दोन्ही मिनिटे एकटीच बोलत राहिले असते आणि संवादासाठीचे गुण गमावले असते. मी तिला विचारले, ‘नव्या गावी गेल्यावर तुम्ही आधी संग्रहालयात जाल की बाजारात?’ ती ‘बाजारात’ म्हणाली, कारण सांगू लागली आणि चक्क माझे मत खोडून काढू लागली. परीक्षकांनी थांबवले तेव्हा आमचे एकमत झालेले नव्हते. एकमत न झाल्याने गुण जात नाहीत, हे आपण बजावून सांगितले होते, म्हणून मी घाईने होकार दिला नाही.

त्या सर्व संध्याकाळींसाठी मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी