तिसरीच्या पालकांसाठी सूचना : परिसर अभ्यास, बियांचा निरीक्षण तक्ता

नमस्कार पालकहो,

सोमवारी मुलांसोबत 'आपल्या परिसरातील झाडे व बिया' हा निरीक्षण तक्ता घरी येईल. दहा दिवसांचे काम आहे. भरलेला तक्ता पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी वर्गशिक्षिकांकडे द्यावा.

स्वयंपाकघरातले पाच मूग आणि पाच हरभरे घ्या. डाळ नको, अख्खे दाणे हवेत. दुकानातले पेरणीचे रंगीत बियाणे मुलांच्या हाती देऊ नका, त्याला औषध लावलेले असते.

रविवारी रात्री दाणे भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. मोड आले की बोटाच्या एका पेराएवढ्या खोल मातीत पेरा. माती ओलसर असावी. पाणी साचले तर दाणे कुजतात, आंबूस वास आला की समजावे.

तक्त्यातला मुख्य प्रश्न असा: दाण्याची दोन दले कुठे गेली? मुगाची दले रोपाबरोबर मातीवर येतात, हरभऱ्याची मातीतच राहतात. हे उत्तर कृपया आधी सांगू नका. हरभऱ्याचे एक रोप हलकेच उपटून मुलांनाच शोधू द्या.

आणखी दोन विनंत्या:
- रोज त्याच वेळी पाहून चित्र मुलांनीच काढावे. वाकडे असले तरी चालेल.
- एखादा दाणा रुजला नाही तर 'रुजला नाही' असेच लिहावे, दुसरा दाणा गुपचूप ठेवू नये.

– वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी