सत्काराला उत्तर देताना : माझ्या मोडीच्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

काल ग्रंथालयाच्या सभागृहात माझा सत्कार झाला आणि आभाराचे चार शब्द बोलताना मी सुरुवातीला स्वतःची ओळख करून दिली : मी तालुक्याच्या गावी तीस वर्षे टंकलेखनाचे वर्ग चालवले, इतिहासाचा मी विद्यार्थी नाही, आणि मोडी वाचायला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. एवढे सांगून झाल्यावर पुढे जे बोललो ते सगळे तुमच्याविषयी होते. प्रकृतीमुळे आपण येऊ शकला नाहीत, म्हणून तेच येथे लिहितो.

आमच्या देवळाच्या नंदादीपासाठी दिलेल्या जमिनीचा कागद मी आधी एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांकडे नेला होता. त्यांनी पैसे घेऊन चार दिवसांत लिप्यंतर दिले. त्यात एकही रिकामी जागा नव्हती, आणि ते पाहून मी खूश झालो होतो! मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात, अक्षरे तिला लटकत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यात कागद वाळवीने खाल्लेला. असा कागद ज्याला पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत लागतो, त्याने कुठेतरी मनचे भरलेले असते, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळले. दुसऱ्या एका ठिकाणी तर ‘हे वाचून तुम्हाला काय मिळणार?’ एवढेच विचारून मला वाटेला लावले होते.

तुमच्याकडे शिकून मी तो कागद स्वतः वाचला आणि घाईघाईने देवळाच्या पुस्तिकेत छापलाही. कागदावरचे साल मी ‘खमस तिसैन मया व अलफ’ असे वाचले होते. शुहूर सनाचे हे अरबी आकडे एककापासून चढत जातात : पाच, नव्वद, शंभर, हजार. म्हणजे ११९५, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७९४-९५. मजकुरात पेशव्यांचे नाव ‘माधवराव’ एवढेच शाबूत होते. सवाई माधवराव तेव्हा गादीवर होतेच, त्यामुळे मला शंका आली नाही.

पुस्तिका तुमच्या हाती पडल्यावर आठ दिवसांनी तुमचे पोस्टकार्ड आले. त्यावर नमस्कारानंतर एकच ओळ होती : ‘पौष आणि रजब पुन्हा पाहावेत.’

कागदावर पौष शुद्ध आणि रजब, दोन्ही महिने होते. मी जंत्री उघडली. १७९५ साली रजब माघात पडला होता, पौषात नव्हे. मग शब्दाकडे परत गेलो. घडीच्या रेषेवर आलेला तो शब्द तिसैन नसून सितैन होता. ‘स’ आणि ‘त’ यांची जागा मी उलटी वाचली होती. सितैन म्हणजे साठ. साल ११६५, म्हणजे १७६४-६५, आणि त्या वर्षी रजब पौषातच येतो. गादीवर होते ते थोरले माधवराव. चूक तीस वर्षांची होती, पण हिजरी महिने सुमारे तेहतीस वर्षांत ऋतूंची पूर्ण फेरी करून परत येत असल्यामुळे त्या तीस वर्षांत रजब जेमतेम एक महिना सरकला होता. एवढा बारीक फरक तुमच्या नजरेला दिसला.

आपण चूक पकडलीत याचे मला तितकेसे अप्रूप नाही. आपल्या डोळ्यांची ख्याती आहेच. आपण ती मला सांगितली नाहीत, याचे मात्र अजून भरून येते. ‘साल चुकले’ असे लिहिणे सोपे होते. ग्रंथालयाला पत्र पाठवणे त्याहून सोपे होते आणि असे करणारे लोक मी पाहिले आहेत. आपण फक्त बोट दाखवलेत आणि शोधायचा आनंद माझ्यासाठी राखून ठेवलात. चुकीची दुरुस्ती मी स्वतःच्या नावाने छापू शकलो, आणि काल लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच दुरुस्तीला. सभागृहात मी ते पोस्टकार्ड सगळ्यांना दाखवले. आपल्याला हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

सातव्या ओळीतले कुळाचे नाव मला अजून लागलेले नाही. नव्या प्रतीत तिथे टिंबेच ठेवली आहेत. रविवारी सकाळी मूळ कागद आणि भिंग घेऊन येतो.

आपला,
एक विद्यार्थी