ड्रेकच्या तारखा: आधी वर्ष, मग दहा दिवस

पुणे
रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या प्रवासाचा कालपट मराठीत कोणीतरी नीट मांडायला हवाच होता, आणि तू तो एवढ्या चिकाटीने करतो आहेस याचा फार आनंद झाला. तुझा प्रश्नही अगदी मोक्याचा आहे: इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळ ड्रेकचं जहाज गोल्डन हाइंड खडकावर चढलं ती नोंद ९ जानेवारी १५७९, आणि कॅलिफोर्नियाच्या बाजूला नांगर टाकल्याची नोंद १७ जून १५७९. मग पॅसिफिक ओलांडण्याआधीच जहाज इंडोनेशियात कसं पोचलं?

दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. तू दोन्हींत दहा दिवस मिळवून पाहिलेस आणि गाठ सुटली नाही, कारण ती दहा दिवसांची नाहीच. जुन्या इंग्रजी तारखेला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. दिवस कोणत्या पंचांगाने मोजलाय, हा एक. आणि वर्षाचा आकडा कोणत्या दिवशी बदलतो, हा दुसरा. जुनं ज्युलियन आणि नंतरचं ग्रेगोरियन या दोन पंचांगांत त्या काळी दहा दिवसांचा फरक पडतो, म्हणून ज्युलियन-ग्रेगोरियन म्हटलं की सगळे पहिल्याकडे धावतात. वर्षाची चूक मात्र जवळजवळ नेहमी दुसऱ्यात होते.

ड्रेकच्या काळी इंग्लंडात कागदोपत्री नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. मेरीला देवदूताने ख्रिस्तजन्माची वार्ता दिली, तो सण त्या दिवशी असतो. म्हणजे ३१ डिसेंबर १५७९ च्या दुसऱ्या दिवशी इंग्रज लेखनिक १ जानेवारी १५७९ लिहायचा, आणि २४ मार्च १५७९ नंतर २५ मार्च १५८० यायचा. आता तुझा तक्ता पुन्हा बघ. त्यांचं १५७९ साल मार्चअखेरीस सुरू झालं, जूनमध्ये कॅलिफोर्निया झालं, नोव्हेंबरात इंडोनेशियातलं तर्नाते बेट आलं, आणि त्याच सालाच्या शेवटी-शेवटी, जानेवारीत, जहाज खडकावर चढलं. आपल्या आकड्यात ती तारीख ९ जानेवारी १५८०. खऱ्याखुऱ्या जानेवारी १५७९ मध्ये ड्रेक चिलीच्या किनाऱ्यावर होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शके चैत्रात बदलतो, म्हणून चैत्रापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९, हे तू डोळे मिटून करतोस. इंग्रजी तारखेलाही तेच: १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यात वर्षात एक मिळवायचा, बाकी वर्षभर हात लावायचा नाही.

याच प्रवासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण काकाफ्युएगो या टोपणनावाच्या खजिन्याच्या जहाजाचं आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्याजवळ ड्रेकने ते पकडलं. स्पॅनिश जबान्यांत तारीख येते १ मार्च १५७९. इंग्रजी रीतीने तोच दिवस १ मार्च १५७८. दिवसाचा आकडा एकच, साल वेगळं! कारण तेव्हा पोपचं नवं ग्रेगोरियन पंचांग निघालंच नव्हतं. ते ऑक्टोबर १५८२ मध्ये आलं. स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. त्याआधी इंग्रज काय आणि स्पॅनिश काय, दोघेही ज्युलियनच मोजत होते. फरक एवढाच, की स्पेनने तोवर १ जानेवारीचा वर्षारंभ धरला होता. म्हणून १५७७ ते १५८० च्या जगप्रदक्षिणेतल्या तारखांना दहा दिवस लावूच नकोस. लावलेस तर १ मार्चचा ११ मार्च होईल आणि एकाही स्पॅनिश कागदाशी तुझा तक्ता जुळणार नाही. तिथे फक्त वर्ष नीट कर.

दहा दिवसांचा प्रश्न येतो तो ड्रेकच्या शेवटच्या मोहिमेत. तोवर स्पॅनिश लोक ग्रेगोरियनवर गेले होते, इंग्लंड मात्र जुन्यावरच होतं आणि १७५२ पर्यंत राहिलं. ही मोहीम मी तारखेवार मांडतो, कारण तिच्यात तिन्ही प्रकार सापडतात.

ड्रेक आणि त्याचा जोडीदार सेनानी जॉन हॉकिन्स इंग्लंडातल्या प्लिमथ बंदरातून निघाले २८ ऑगस्ट १५९५ ला. पोर्तो रिकोपाशी हॉकिन्स वारला १२ नोव्हेंबरला, आणि त्याच दिवशी सान हुआनवर हल्ला सुरू झाला. स्पॅनिश कागद तो दिवस २२ नोव्हेंबर १५९५ असा देतात. दहा दिवसांचा फरक, साल तेच. इथे डोकं लावायची गरज नाही.

मग पनामाच्या किनाऱ्यावरचं नोम्ब्रे दे दिओस. इंग्रज तिथे उतरले २७ डिसेंबर १५९५ ला. दहा दिवस मिळवले की ६ जानेवारी १५९६. साल बदललं, पण दिवस पुढे सरकले म्हणून. वर्षारंभाचा इथे काही संबंध नाही. इथेच घसरायला होतं: उत्तरातला जानेवारी बघून ‘जानेवारी आहे, म्हणजे एक मिळवायचा’ असं कोणी केलं, तर १५९७ हाती येतं. नियम मूळ इंग्रजी तारखेला लावायचा असतो, बदललेल्या तारखेला नाही.

आणि मग मृत्यू. पोर्तोबेलोजवळ जहाजावरच, अतिसाराने, २८ जानेवारीच्या पहाटे ड्रेक गेला. इंग्रजी रीतीने साल अजून १५९५. आधी वर्ष सरळ कर: २८ जानेवारी १५९६, अजून ज्युलियनच. मग दहा दिवस: ७ फेब्रुवारी १५९६. वर्षाची पायरी गाळलीस तर ७ फेब्रुवारी १५९५ येईल, म्हणजे प्लिमथहून निघण्याच्या जवळजवळ सात महिने आधी माणूस मेला. तारीख बदलून देणारी संगणकी साधनं नेमकं हेच करतात. वर्ष १ जानेवारीला लागतं असं ती गृहीत धरतात, त्यामुळे त्यांना २८ जानेवारी १५९५ दिलीस की बेरीज बिनचूक करून साल चुकीचं परत देतात. साधन वापर, पण वर्ष आपण सरळ करून मगच तारीख आत घाल.

पायऱ्यांचा क्रम सोडू नकोस असं मी का म्हणतो, ते मार्चच्या उत्तरार्धात कळतं. समज, एखाद्या इंग्रजी कागदावर २० मार्च १५९५ आहे. आधी वर्ष सरळ केलं तर २० मार्च १५९६, आणि दहा दिवसांनी ३० मार्च १५९६. उलट केलं, आधी दिवस मिळवले, तर ३० मार्च १५९५ येतं. ते २५ मार्चच्या पुढचं दिसतं म्हणून आपण सालाला हात लावत नाही, आणि बरोबर एक वर्ष गळतं. १५ ते २४ मार्चची प्रत्येक इंग्रजी तारीख अशी फसवू शकते, आणि उत्तर दिसायला इतकं निर्मळ असतं की शंकाही येत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते. आजचे बहुतेक इतिहासकार दिवस ज्युलियनच ठेवतात पण साल मात्र १ जानेवारीचं धरतात. त्यामुळे इंग्रजी पुस्तकात ड्रेकचा मृत्यू ‘२८ जानेवारी १५९६’ असा वाचलास, तर वर्ष आधीच दुरुस्त झालेलं आहे. त्यात पुन्हा एक मिळवलास की ड्रेक १५९७ मध्ये मरतो. म्हणून जानेवारी ते मार्चची तारीख दिसली, की आधी ती मूळ कागदातली आहे की संपादकाच्या हातून गेलेली, हे बघायचं. काही जण १५९५/९६ असं जोडसाल लिहितात. तो दोन वर्षांचा कालावधी नव्हे. पहिला आकडा तेव्हाच्या इंग्रजांचा, दुसरा आपला. कामाला घ्यायचा तो दुसरा.

शंका राहिली तर दोन कसोट्या लाव. पहिली, मागच्या-पुढच्या घटना. ड्रेकविना परतणाऱ्या ताफ्याची क्युबाच्या दक्षिणेला पिनोस बेटाजवळ स्पॅनिश आरमाराशी गाठ पडली, ती इंग्रजी १ मार्चला. स्पॅनिश तारीख ११ मार्च १५९६. मृत्यू त्याच्या आधी आणि नोम्ब्रे दे दिओसच्या नंतरच बसला पाहिजे. दुसरी कसोटी वाराची. पंचांग बदललं तरी वारांची साखळी तुटली नाही, म्हणून वार खोटं बोलत नाही. २८ जानेवारी १५९६, ज्युलियन, या दिवशी बुधवार येतो; १५९५ धरलं तर मंगळवार. कागदात वार दिलेला असेल तर साल लगेच पक्कं होतं.

फक्त जगप्रदक्षिणेच्या शेवटी वाराची कसोटी जपून लाव. ड्रेक पश्चिमेकडे जात-जात घरी आला, त्यामुळे जहाजावरच्या मोजणीत एक दिवस कमी पडला. २६ सप्टेंबर १५८० ला प्लिमथमध्ये सोमवार होता आणि जहाजावरच्यांच्या हिशेबाने रविवार. हा एक दिवस पृथ्वीला वळसा घातल्याचा आहे. दहा दिवसांच्या हिशेबात तो मिसळू नकोस, आणि वार एकानेच चुकतोय म्हणून सालही बदलू नकोस.

हे सगळं तुला आपल्याकडेही भेटेल, म्हणून सांगून ठेवतो. महाराजांनी सुरत लुटली तेव्हाचे इंग्रज वखारीचे कागद जानेवारी १६६३ ची तारीख घालतात. आपल्या पुस्तकांत ती ६ जानेवारी १६६४ असते, आणि ग्रेगोरियन पाळणाऱ्या डचांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जानेवारी १६६४. शके १५८५ चालू होता. ७९ मिळव, १६६४ येतं. अगदी ड्रेकच्या मृत्यूसारखीच ही तारीख आहे. पण हाच दहाचा आकडा १७०० च्या फेब्रुवारीनंतर वापरू नकोस. ते साल ज्युलियनमध्ये लीप होतं आणि ग्रेगोरियनमध्ये नव्हतं, म्हणून तिथून फरक अकरा दिवसांचा होतो.

तक्त्यात मी तुझ्या जागी तीन रकाने केले असते: कागदावर जशी आहे तशी तारीख, साल सरळ केलेली ज्युलियन तारीख, आणि १५८२ नंतरच्या नोंदींपुरती ग्रेगोरियन. पहिला रकाना कधीही खोडू नकोस, कारण पुढे कोणाला शंका आली तर तिथूनच तपासता येईल. ड्रेकला सरदारकी मिळाली ती ४ एप्रिल १५८१ ची नोंद तू बदलली आहेस, ती पूर्ववत कर. ती २५ मार्चनंतरची आहे आणि १५८२ च्या आधीची, तेव्हा तिला काहीच करायचं नाही. काकाफ्युएगोची नोंद मात्र तू १५७८ मध्ये ठेवली आहेस, ती १५७९ मध्ये ने. १५७८ च्या खऱ्या १ मार्चला ड्रेक अटलांटिकमध्ये होता, ब्राझीलचा किनाराही त्याला अजून दिसला नव्हता.

जानेवारी ते मार्चच्या सगळ्या नोंदी वेगळ्या कागदावर काढून पाठव, प्रत्येकीपुढे ती कुठून घेतलीस तेही लिही. बाकीचं मी बघतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक