गुरुजींच्या नेमणुकीचं पत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

दत्तमंदिरासाठी निवासी गुरुजी ठरले, छान झालं. पत्राचा मसुदा मागितलास, म्हणून लिहितोय. सुरुवात "आपली नियुक्ती करताना विश्वस्त मंडळास आनंद होत आहे" अशी कर, पण पुढची कलमं मोघम ठेवू नकोस.

दरमहा १५,००० रुपये मानधन ठरलंय, ते ५ तारखेपर्यंत बँकेत जमा होईल असं लिही. खरा वाद मात्र आरतीच्या ताटावरून होतो. ताटातली दक्षिणा गुरुजींची, दानपेटी आणि पावतीवरच्या अभिषेकाची रक्कम संस्थेची, आणि अभिषेकामागे गुरुजींना किती, हे आकड्यानिशी लिही.

कामात काकड आरती, नित्यपूजा, नैवेद्य, शेजारती आणि गुरुवारची पालखी येईल. झाडलोट नि हिशेब त्यांच्या गळ्यात घालू नका. चांदीच्या पादुका आणि मुखवटा वजनासह यादीवर चढवून दोघांच्या सह्या घ्या. उद्या एखादं तबक सापडलं नाही तर संशय गुरुजींवरच येतो.

घराचं कलम सगळ्यात जपून लिही. देवळामागच्या दोन खोल्या सेवेसाठी, सेवा चालू असेपर्यंत, विनाभाडे राहायला दिल्या आहेत, भाडेकरूचा हक्क नाही, असं स्पष्ट हवं. भाड्याच्या नावाने एक रुपयाही घेऊ नका, आणि हे कलम वकिलाला दाखव. वीजबिल कुणाचं तेही ठरवा. सेवा संपल्यावर एका महिन्यात खोल्या रिकाम्या कराव्यात, पण मुलांची परीक्षा तोंडावर असेल तर ती होईपर्यंत थांबू. आणि गुरुजींचंच काही बरंवाईट झालं तर कुटुंबाला तीन महिने राहू द्या. हे लिहायला जड जातं, तरी लिहीच.

रजेत लोक सुतक विसरतात. दहा दिवस गुरुजींना गाभाऱ्यात जाता येत नाही. ती काही त्यांनी मागितलेली सुट्टी नव्हे; मानधन कापायचं नाही, हक्काच्या रजेतून वळतं करायचं नाही, आणि बदली गुरुजींचे पैसे संस्थेने द्यायचे. सोयराचंही तेच. घरात बाळंतपण होणारच की! बदली गुरुजींचं नाव आजच ठरवून ठेवा. एरवी महिन्याला दोन दिवस रजा, गुरुवार-पौर्णिमा सोडून. गावच्या जत्रेला जायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगावं.

नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची, लेखी. फक्त गुरुपौर्णिमा किंवा दत्तजयंती त्या महिन्यात आली तर उत्सव उरकेपर्यंत कुणी कुणाला सोडायचं नाही. तक्रार असेल तर आधी गुरुजींचं म्हणणं बैठकीत ऐकून घेऊ, असंही एक वाक्य घाल. भर आरतीत कुणा विश्वस्ताने त्यांना झापायचं नाही, हे मात्र पत्रात नको, विश्वस्तांनाच सांग.

आधी मंडळाचा ठराव कर आणि त्याचा क्रमांक पत्रावर टाक. दोन प्रती काढ. सही लगेच मागू नकोस. गुरुजींना पत्र घरी नेऊन वहिनींसोबत निवांत वाचू दे.

तुझा,
श्रीकांत