सहलीच्या बाजूने झालेले ते भाषण

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका मराठी हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी विज्ञान प्रदर्शन सोडून सहल निवडली, याबद्दल एका वाचकाने आपल्या दैनिकात पत्र लिहून खंत व्यक्त केली होती. मुलांना कष्ट नकोत, नुसती मौज हवी, आणि विद्यार्थी मंडळातील एका मुलीने गोड बोलून सगळ्यांना आपल्याकडे ओढले, असा त्या पत्राचा सूर होता. त्या बैठकीला मी निवृत्त शिक्षक म्हणून निमंत्रणावरून हजर होतो. वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. त्या मुलीचे भाषण गोड मुळीच नव्हते, किंबहुना स्पर्धेत ते पहिल्या तिघांत आले असते की नाही याचीही मला शंका आहे. तरीही ते श्रोत्यांना पटले. ते का पटले, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

बैठकीचा रिवाज साधा होता. आठवी ते दहावीची मिळून एकशे वीस मुले, दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाच मिनिटे, त्यानंतर प्रश्न आणि शेवटी चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान. प्रदर्शनाच्या बाजूने दहावीतला एक हुशार मुलगा आधी बोलला. त्याचे भाषण तयारीचे होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संशोधनाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळला जातो इथपासून त्याने सुरुवात केली आणि गेल्या वर्षी आपल्या शाळेचे मॉडेल तालुका पातळीवर गेले होते, या मुद्द्यावर शेवट केला. टाळ्या पडल्या. हा शेवटचा मुद्दाच त्याच्या बाजूचा खरा आधार होता, कारण शाळेत प्रदर्शन झाले नाही तर तालुक्याला मॉडेल कोठून जाणार, या प्रश्नाला सहलवाल्यांकडे उत्तर नसेल असे मलाही वाटले होते.

ती मुलगी उठली आणि नमस्कार करून तिने थेट तोच मुद्दा हातात घेतला. आपल्या मुलांची पहिली चूक इथे होते, असा माझा अनुभव आहे. समोरच्याचा सर्वांत कच्चा मुद्दा शोधायचा, त्याची खिल्ली उडवायची आणि पक्का मुद्दा ऐकलाच नाही असे दाखवायचे, हे त्यांना कोणी तरी शिकवलेले असते. श्रोते मात्र त्या पक्क्या मुद्द्याच्या उत्तराची वाट पाहत असतात, आणि ते मिळेपर्यंत बाकीचे काही त्यांच्या कानांत शिरत नाही. तिने सांगितले, "दादा म्हणाला ते खरे आहे. तालुक्याला आपले मॉडेल गेलेच पाहिजे. पण त्यासाठी एकशे वीस जणांची गरज नाही. ज्यांना मॉडेल करायचे आहे त्यांना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडून द्यायला विज्ञानाच्या सरांनी होकार दिला आहे." सर मागच्या बाजूला बसले होते आणि त्यांनी मान डोलावली. भाषणाला उभे राहण्याआधी तिने सरांना विचारून ठेवले होते, एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम झाले. तालुक्याची स्पर्धा आणि शाळेचा वार्षिक कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐकणाऱ्यांना तोपर्यंत सुचलेच नव्हते.

मग तिने मूळ प्रश्नच फिरवला. विज्ञान हवे की मौज हवी, असे कोणी विचारले तर विज्ञानाच्या विरोधात हात वर करायला कोणाला आवडेल? वर्षातला एक दिवस सगळ्या शाळेचा असतो, तो दिवस कोणाकोणाच्या वाट्याला यावा, असा प्रश्न तिने मांडला. पुढे ती म्हणाली, "गेल्या वर्षी ज्यांच्या हाताला डिंक लागला, त्यांनी हात वर करावा." सव्वीस हात वर गेले. बाकीची मुले त्या दिवशी काय करत होती हे सगळ्यांना ठाऊक होते. बाके हलवणे, पाहुण्यांना पाणी देणे आणि दोरीच्या पलीकडे रांगेत उभे राहून थर्माकोलचा ज्वालामुखी आणि सिरिंजवर चालणारा जेसीबी बघणे, यातच त्यांचा दिवस गेला होता. श्रोत्यांना असा उघड प्रश्न विचारणे फार धोक्याचे असते. ऐंशी हात वर गेले असते तर भाषण तिथेच संपले असते. नंतर मी तिला याबद्दल विचारले, तेव्हा कळले की तिने आदल्या दिवशी मधल्या सुटीत वर्गावर्गात जाऊन हीच चौकशी करून घेतली होती.

यातही तिने एक संयम पाळला. काही मॉडेले बेळगावच्या बाजारातून तयार आणलेली असतात, काही वडिलांनी किंवा शिकवणीच्या सरांनी केलेली असतात, हे तिला बोलता आले असते. बोलली असती तर हशा पिकला असता आणि सव्वीस मते कायमची गेली असती. त्या सव्वीस जणांतलीच काही मते तिला हवी होती, म्हणून तिने त्यांच्या मेहनतीचे कौतुक केले आणि ती पुढे गेली.

पैशांचा हिशेब तिने फळ्यावर मांडला. परिवहन मंडळाच्या दोन बस आणि दुपारच्या जेवणाचा शिधा मिळून अंदाजे ३६,००० रुपये, म्हणजे एकशे वीस जणांत माणशी ३०० रुपये. ज्यांना देणे जमणार नाही त्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी तिनेच काढला. प्रदर्शनाच्या मंडपासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी शाळेने बाजूला ठेवलेले ६,००० रुपये वाचतात, त्यातून वीस जणांचा खर्च निघतो. वर्गणी सर्वांनी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यावी, म्हणजे कोणी दिली आणि कोणी दिली नाही हे वर्गात कळणार नाही. माझ्या मते संपूर्ण भाषणात या पाकिटाइतका प्रभावी मुद्दा दुसरा नव्हता. मागच्या बाकांवरची काही मुले तोवर खाली मान घालून बसली होती, ती इथे फळ्याकडे बघू लागली.

ठिकाणाची निवडही नुसती आवडीची नव्हती. मुलांच्या तोंडी गोकाकचा धबधबा होता. पण सहल डिसेंबरमध्ये निघणार, आणि पावसाळ्यात तांबूस पाण्याने गर्जणारा घटप्रभेचा तो प्रपात तोपर्यंत पार रोडावलेला असतो. त्याहून मोठे कारण पाण्याचे होते. २०१७ साली मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयीन सहलीतले आठ जण बुडाले, ते इथल्या घरांतून अजून कोणी विसरलेले नाही. सहल म्हटले की आईवडील पहिल्यांदा पाण्याचेच विचारतात. म्हणून तिने हलशी सुचवले. खानापूरहून नंदगडच्या वाटेने जायचे, नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबायचे, पुढे हलशीला कदंबांच्या काळातले भूवराह नरसिंहाचे मंदिर बघायचे. समोरासमोर दोन गाभारे असलेले हे मंदिर आपल्याच जिल्ह्यात असून बहुतेक मुलांनी पाहिलेले नाही. तिथे जेवण आणि खेळ, आणि दिवेलागणीच्या आत परत. वाटेत कुठेही पाण्यात उतरायचे नाही, हे तिने दोनदा सांगितले.

प्रश्नांच्या वेळी दहावीच्या एका विद्यार्थ्याने तिला पेचात पकडायचा प्रयत्न केला. सहलीतून विज्ञान काय शिकणार, असे त्याने विचारले. अशा वेळी झाडांची नावे, दगडांचे प्रकार, बसच्या चाकाचे घर्षण असे काहीबाही सांगून सहलीला अभ्यासाचा सदरा चढवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि शिक्षकांना बरे वाटावे म्हणून मुलेही ती पाळतात. तिने शांतपणे उत्तर दिले, "विज्ञान शिकण्यासाठी सहल नाही. आठवीच्या मुलांना दहावीतल्या मुलांची नावेसुद्धा माहीत नाहीत. मार्चनंतर दहावी जाणार. त्याआधी एक दिवस एकत्र जेवूया, एवढेच आहे." खोटा मुद्दा टाळल्यामुळे तिच्या बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास बसला, असे मला तिथे बसल्याबसल्या जाणवले. दहावीची बाके तोपर्यंत प्रदर्शनाच्या बाजूला होती, ती या उत्तरानंतर हलली. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा सहलीला एकाहत्तर आणि प्रदर्शनाला त्रेचाळीस मते पडली होती. सहा जण गैरहजर होते.

त्रेचाळीस हा आकडा लहान नाही. त्या मुलांना शनिवारची प्रयोगशाळा खरोखर मिळाली पाहिजे, नाही तर भाषणातले पहिलेच वाक्य खोटे ठरेल आणि पत्रलेखकांची खंत रास्त ठरेल. सरांनी मान डोलावली होती, पण कोणत्या शनिवारपासून आणि साहित्याचा खर्च कोणी करायचा, हे बैठकीत ठरले नाही. ते विद्यार्थी मंडळाच्या वहीत लिहून त्यावर सरांची सही घेणे योग्य होईल.

एका प्रश्नापुढे मात्र ती मुलगी अडखळली. आठवीतल्या एका मुलीने उभी राहून विचारले, "आमच्या घरून पाठवणारच नाहीत, मग आम्ही कोणाला मत द्यायचे?" शाळेच्या आवारातल्या प्रदर्शनाला ती मुलगी येऊ शकत होती, हलशीला कदाचित येऊ शकणार नाही. म्हणजे ज्या न्यायाने सव्वीस हातांचा मुद्दा उभा राहिला होता, त्याच न्यायाने हा प्रश्न सहलीवर उलटत होता. मी बाईंबरोबर तुमच्या घरी येईन, असे तिने सांगितले. हे आश्वासन मनापासूनचे होते, पण नववीतल्या मुलीच्या शब्दावर कोणी आपली लेक बसमध्ये बसवत नाही. अशा मुली किती आहेत याची विचारपूस तिने केली नव्हती, आणि तिच्या तयारीत मला दिसलेली मोठी उणीव हीच होती.

ती भरून काढणे मोठ्यांच्या हातात आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज जाण्यापूर्वी शाळेने या मुलींच्या आयांची एक बैठक घ्यावी. बस किती वाजता निघणार आणि किती वाजता परतणार, बरोबर कोणत्या शिक्षिका असणार, आयांपैकी कोणाला यायचे असल्यास जागा आहे का, हे त्यांना तोंडी सांगावे आणि लिहूनही द्यावे. बैठक शेतावरची कामे आटोपल्यावर संध्याकाळी ठेवावी, आणि आठवीच्या वर्गशिक्षिकांनी तिला हजर राहावे, कारण त्या घरांशी बोलणे-चालणे त्यांचेच आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव