काकू, त्या संध्याकाळच्या मेसेजबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

बाबा बाथरूममध्ये घसरले तेव्हा तुम्ही होत्या तशा आमच्याबरोबर रिक्षात बसलात, त्याबद्दल घरी बोलून झालंय. हे पत्र एक्स-रेच्या खोलीबाहेर तुम्ही मला जो मेसेज लिहायला लावलात, त्यासाठी.

पावणेसात झाले होते. आठला साखर पेठेत मित्राकडे जेवायला जायचं होतं. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच लिहितो, त्यामुळे आपसूक टाइप झालं: 'सो सॉरी, समथिंग केम अप. कान्ट मेक इट टुनाइट. रेन चेक?' तो मेसेज वहिनीही वाचणार, म्हणून मराठी केलं: 'क्षमस्व, काही काम निघाल्यामुळे आज येऊ शकत नाही. पुन्हा कधीतरी भेटू.'

तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "क्षमस्व दुकानाच्या पाटीवर असतं. मित्राची माफी मागतात." मग विचारलंत, "काम कसलं? बाप पडलाय ते सांग की." इंग्रजीत 'समथिंग केम अप' सभ्य वाटतं, पण मराठीत 'काम निघालं' म्हटलं की माणूस टाळतोय असं वाटतं. हे मला खरंच कळलं नव्हतं. 'येऊ शकत नाही'च्या जागी तुम्ही 'येणं होत नाही' घातलंत. त्यात यायची इच्छा शाबूत राहते.

'रेन चेक'वर मात्र आपण अडलो. अमेरिकेत पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की पुढच्या सामन्यासाठी तिकीट द्यायचे, त्यावरून आलेला तो शब्द. मी त्याचं 'पुन्हा कधीतरी' केलं होतं. तुम्ही म्हणालात, "कधीतरी म्हणजे कधीच नाही. वार सांग." आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मेसेजात वहिनी नव्हत्याच. दुपारपासून चुलीपुढे त्या होत्या.

शेवटी गेला तो मेसेज असा:

'अरे, बाबा बाथरूममध्ये पडले, हाताला लागलंय. एक्स-रेसाठी दवाखान्यात आहे, आज माझं येणं होत नाही. वहिनींचा स्वयंपाक झाला असेल आणि मी इतक्या उशिरा कळवतोय, त्यांची आणि तुझी मनापासून माफी मागतो. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या. पुढच्या रविवारी दुपारी येऊ का?'

पाच मिनिटांत त्याचा फोन आला, तो फक्त "कुठला दवाखाना?" एवढं विचारायला. नऊला तो डबा घेऊन हजर. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. बाबांच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत आपण तिघांनी बाकड्यावर बसून ते खाल्लं. 'काम निघालं' असं लिहिलं असतं तर तो घरीच बसला असता, माझ्यावर थोडा रुसून.

काकू, मनापासून आभार. डबा अजून माझ्याकडेच आहे. रविवारी तो द्यायला जाईन तेव्हा तुम्हीही चला, वहिनींनी तुम्हाला बोलावलंय.

तुमचा,
शेजारचा मुलगा