तिन्हीसांजेचं रडं

डिचोली,
रविवार, रात्री अकरा

प्रिय संदेश,

तुझा पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला. ‘छोटी संध्याकाळपासून ओरडतेय, आईने बेंबीला हिंग लावला, ग्राइप वॉटर आणलं, काही फरक नाही.’ दीड वर्षापूर्वी हेच मी माझ्या भावाला लिहिलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा पार्थ तेव्हा पाच आठवड्यांचा होता. दिवसभर शहाण्यासारखा प्यायचा, झोपायचा. तुळशीपुढे दिवा लागला की सुरू. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद, पोट टम्म. दहाच्या सुमारास आपोआप थांबायचा. शेजारच्या काकींच्या मते दृष्ट, आईच्या मते बायकोने खाल्लेली वांगी, माझ्या मते गॅस.

डॉक्टरांनी त्याला उघडा करून तपासला. वजन बघितलं, टाळू, जांघा, अगदी पायाची बोटंसुद्धा. कधीकधी आईचा केस बोटाला आवळून बसतो म्हणे. मग म्हणाले, कोलिक आहे, म्हणजे धडधाकट बाळाचं उगाचच तासन्‌तास रडणं. गॅसचं माझं गणित उलटं निघालं. तासभर रडताना बाळ हवा गिळतं, म्हणून पोट फुगतं. रडं आधी, गॅस बहुतेक वेळा नंतर.

मग रडतं कशाने? एकच असं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. पण एक गोष्ट मला पटली. हे रडं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चढतं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. अंगावरचं दूध पिणारी असोत की डब्याचं, दोघांचंही हेच. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे मोजायचे ते बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून! दोष नुसत्या दुधाचा असता तर हे असं जुळलं नसतं. दिवसभराचं सगळं पचवून शांत व्हायला मेंदू अजून शिकतोय, असं डॉक्टर म्हणाले. आतड्यातल्या जंतूंचा वाटा असेल, असंही मानतात. थोड्या बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. पण मग शीमध्ये रक्त किंवा शेंब, अंगावर चट्टे, सारख्या उलट्या असं काहीतरी दिसतं.

आता उपाय. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सांगितलेली रीत आम्हाला लागू पडली. रडणाऱ्या बाळाला छातीशी घट्ट धरून सलग पाच मिनिटं चालायचं. थांबायचं नाही, झटक्याने वळायचं नाही. मी बाल्कांवापासून स्वयंपाकघरापर्यंत, दिवे मालवून, पंखा लावून फेऱ्या घालायचो. पहिल्या रात्री चौथ्या मिनिटाला तो झोपला, मी खूश होऊन पाळण्यात ठेवला आणि पाठ टेकायच्या आधीच भोंगा सुरू! अंगापासून सुटताना बाळ जागं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. झोपल्यावर त्याला तसंच धरून पाच ते आठ मिनिटं बसायचं, झोप गाढ होऊ द्यायची आणि मग ठेवायचं, उताणंच. दुसऱ्या रात्री घड्याळ लावून बसलो, आठव्या मिनिटाला ठेवला, टिकला. तिसऱ्या रात्री नाही टिकला. ही रीत कोलिक बरा करत नाही, एकेक झटका आवरते, तोही दर वेळी नाही.

ग्राइप वॉटर आणि गॅसचे थेंब पाण्याहून फारसे सरस ठरलेले नाहीत. ते सोडून दे. पण मध आणि घुटी कुणालाही चाटवू देऊ नकोस, आणि दुकानदाराने दिलेल्या पोटदुखीच्या थेंबांत ‘डायसायक्लोमिन’ आहे का ते वाच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास त्याने अडकू शकतो.

एक गोष्ट बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. एका रात्री बाहेर पाऊस कोसळत होता, ती झोपलेली, आणि पार्थ तिसऱ्या तासात. माझे हात त्याच्या दंडांवर आवळले गेल्याचं मलाच जाणवलं. पाळण्यात उताणा ठेवला, दार लोटलं आणि बाल्कांवावर दहा मिनिटं उभा राहिलो. तो आत रडत होता. तेवढ्या रडण्याने त्याचं काही बिघडलं नाही. गदागदा हलवलं असतं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकला असता. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावल्या, साडेआठपर्यंत मी, पुढे ती. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, कानांत कापूस घालून पडायचं.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, हिरवी उलटी झाली, छोटी दूध घेईना, रडणं क्षीण किंवा वेगळंच वाटलं, तर कोलिक म्हणत घरी बसू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

शनिवारी साडेपाचपर्यंत फोंड्याला पोचतो. साडेआठपर्यंतची पाळी माझी. तुम्ही दोघं जेवून घ्या आणि झोपा. वहिनींना सांग, वांगी खुशाल खा.

तुझा,
अनंत